पत्रकाराला पाठवायचा मेल : पहिल्या ओळीतील बातमी आणि तिच्या पाठीशी एकच तथ्य

प्रश्न : आम्ही काही स्वयंसेवक मिळून घरगुती विजेची उपकरणे विनामूल्य दुरुस्त करून देणारे केंद्र चालवतो. नोंदवही नीट ठेवतो. गेल्या वर्षी ७४० उपकरणे आली. ४१८ नवा सुटा भाग न घालता सुरू झाली, १७१ उपकरणांचे भाग बदलावे लागले आणि १५१ दुरुस्त झाली नाहीत. बऱ्याच पत्रकारांना मेल केला. पहिली ओळ होती, ‘आमच्या केंद्राला तीन वर्षे पूर्ण होत असून पर्यावरणरक्षणासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’ खाली सगळे आकडे, लोकांचे अभिप्राय आणि छायाचित्रे होती. एकाचेही उत्तर आले नाही. एक मित्र म्हणतो, पहिल्या ओळीत बातमी दे आणि पुराव्याला एकच तथ्य दे. पण यात बातमी कोणती, आणि इतके आकडे हाताशी असताना एकच का?

उत्तर :

तुमच्या मेलची भाषा वाईट नव्हती, त्याचा विषय चुकला होता. तीन वर्षे पूर्ण होणे ही संस्थेच्या दृष्टीने मोठी गोष्ट असली, तरी त्यामुळे वाचकाच्या घरात काही बदलत नाही, आणि पत्रकार मेल उघडतो तेव्हा तो वाचकाच्या वतीनेच वाचत असतो. तुम्ही संस्थेची ओळख करून दिली आणि नोंदवहीत सापडलेली गोष्ट आकड्यांच्या गर्दीत खाली ठेवली. मी आधी वृत्तपत्राच्या डेस्कवर आणि नंतर संस्थांच्या वतीने पत्रकारांशी बोलण्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे हा मेल दोन्ही बाजूंनी कसा दिसतो ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. ज्या दिवशी मेल पोहोचतो त्या दिवशी मोठी घटना घडली, तर उत्तम मेलही वाचला जात नाही. ज्याला पाठवला त्याची बीट, म्हणजे ज्या विषयावर तो बातम्या देतो ते क्षेत्र, वेगळी असेल, तर तो मेल सहकाऱ्याकडे पुढे पाठवेलच याची खात्री नाही. दैनिकाला आजची बातमी हवी असते, साप्ताहिक पुरवणीला थोडा मोठा विषय चालतो आणि दूरचित्रवाहिनीला दाखवता येईल असे काही लागते. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्याने उत्तर येईलच असे मी म्हणणार नाही. मेल वाचला गेलाच, तर तो स्वतःच्या दोषामुळे बाजूला पडू नये, एवढी तजवीज त्यातून होते.

पहिल्या ओळीवर इतका भर कशासाठी, हे बातमीदाराच्या कामाकडे पाहिले की कळते. बहुतेक ठिकाणी दिवसाच्या बैठकीत बातमीदाराला आपल्याकडे काय आहे ते संपादकाला किंवा डेस्कच्या प्रमुखाला सांगावे लागते, आणि ते एका वाक्यात सांगता आले नाही तर पुढचा बातमीदार बोलायला लागतो. तुमची पहिली ओळ म्हणजे त्याला बैठकीत जवळजवळ जसेच्या तसे उच्चारता येईल असे वाक्य. ‘एक केंद्र आहे, त्याला तीन वर्षे झाली’ असे तो म्हणाला, तर समोरून ‘मग?’ एवढाच प्रश्न येईल. त्या ‘मग?’चे उत्तर तुमच्या पहिल्या ओळीतच असायला हवे. शिवाय फोनवर मेलची यादी पाहताना विषयाची ओळ आणि फार तर मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात. तिथे ‘महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ असे दिसले, तर दिसण्याजोगी सगळी जागा आनंदातच संपते.

आता बातमी कोणती, ते पाहू. योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे या नॉर्वेतील दोन संशोधकांनी १९६५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वृत्तपत्रांत कशा आल्या, हे त्यांनी तपासले होते, आणि घटनेची बातमी होण्यामागे कोणते घटक असतात त्यांची १२ कलमांची यादी त्यांनी मांडली. ती यादी परदेशी बातम्यांसाठी होती आणि तिच्यावर पुढे बरीच टीका आणि दुरुस्त्याही झाल्या. पण तिच्यातले दोन घटक मला रोजच्या कामात अजूनही उपयोगी पडतात. एक म्हणजे अनपेक्षितता आणि दुसरा म्हणजे निःसंदिग्धता. गोष्ट लोकांच्या समजुतीपेक्षा वेगळी असावी आणि तिचा अर्थ एकच निघावा. नोंदवही वाचताना प्रत्येक आकड्यापाशी मी हेच दोन प्रश्न विचारतो.

तुमचे चार आकडे या कसोटीवर लावून पाहा. वर्षात ७४० उपकरणे आली, यात अनपेक्षित काही नाही, कारण अशा केंद्रात किती उपकरणे यावीत याची वाचकाला कल्पनाच नसते. तुलना नसलेला आकडा मोठाही वाटत नाही आणि लहानही वाटत नाही. १७१ उपकरणांचे भाग बदलावे लागले, हे तर दुरुस्ती म्हटल्यावर कोणीही गृहीत धरतो. १५१ उपकरणे दुरुस्त झाली नाहीत, या आकड्यात कदाचित दुसरी एक चांगली बातमी दडलेली असेल. त्यातली बरीचशी आवरण चिकटवलेले असल्यामुळे न फोडता उघडताच आली नाहीत, असे नोंदीतून निघाले तर तो वेगळाच विषय होतो. पण तुम्ही कारणे दिलेली नाहीत, आणि कारणाशिवाय तो आकडा केवळ अपयशाचा राहतो. राहिली ४१८ उपकरणे. उपकरण बंद पडले म्हणजे आतले काहीतरी जळले, आता भाग मिळायचा नाही, मिळाला तरी परवडायचा नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. तुमची नोंदवही सांगते की आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक उपकरणांना नवा भाग लागलाच नाही. हे समजुतीच्या उलट आहे, ते मोजलेले आहे, आणि वाचताना प्रत्येकाला आपल्या कपाटात पडून राहिलेले एखादे उपकरण आठवते. तुमची बातमी ही आहे.

आता ती ओळ लिहायची कशी? पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असे लिहितात : ‘थोडी काळजी घेतल्यास अनेक उपकरणे फेकून देण्यापासून वाचू शकतात.’ हे मत आहे. ते खरे असले तरी कालही खरे होते आणि पुढच्या वर्षीही खरे राहील, त्यामुळे ते आजच का छापावे याला उत्तर नाही. मग कोणीतरी सांगते की जोरदार लिहा, आणि ओळ अशी होते : ‘फेकून दिल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक उपकरणांत काहीच बिघाड नसतो.’ ही ओळ वाचायला आकर्षक आहे आणि दोन ठिकाणी खोटी आहे. तुम्ही फेकून दिलेली उपकरणे मोजलेली नाहीत. दुरुस्तीच्या आशेने कोणीतरी तुमच्यापर्यंत आणलेलीच तेवढी मोजली आहेत. जो माणूस उपकरण उचलून केंद्रात आणतो, त्याला ते सुटण्यासारखे वाटत असते, आणि ज्यातून धूर निघाला ते तो कदाचित आणतच नाही. शिवाय ‘काहीच बिघाड नसतो’ हेही बरोबर नाही. बिघाड होता, तो फक्त नवा भाग न घालता दूर झाला. अनुभवी बातमीदार या दोन्ही फटी पहिल्या फोनमध्ये शोधतो, आणि एकदा त्या सापडल्या की उरलेल्या मेलवरचाही त्याचा विश्वास जातो.

म्हणून मी ती ओळ अशी लिहीन : ‘बंद पडली म्हणून आमच्या दुरुस्ती केंद्रात गेल्या वर्षी आलेल्या घरगुती विजेच्या उपकरणांपैकी निम्म्याहून अधिक उपकरणे एकही नवा सुटा भाग न घालता पुन्हा सुरू झाली.’ हे वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘आमच्या केंद्रात’ आणि ‘आलेल्या’ हे शब्द दाव्याची हद्द आखतात, ‘गेल्या वर्षी’मुळे काळ कळतो आणि ‘एकही नवा सुटा भाग न घालता’ यात अनपेक्षित गोष्ट येते. गौरवाचे विशेषण एकही नाही. ‘पहिलेच’, ‘सर्वांत मोठे’, ‘अभिनव’ असे शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण असा प्रत्येक शब्द सिद्ध करावा लागतो आणि तो सिद्ध करण्यात बातमीदाराचा वेळ जातो.

मग एकच तथ्य कशासाठी? पहिल्या ओळीने दावा केला की वाचणाऱ्याच्या मनात लगेच एकच शंका उभी राहते : हे तुम्हाला कसे कळले? आधाराचे तथ्य त्या शंकेचे उत्तर असते, आणि उत्तर एकदाच द्यायचे असते. तुम्ही आकडे, अभिप्राय, छायाचित्रे आणि स्वयंसेवकांची संख्या असे सगळे एकत्र दिले, तर बातमीदाराला त्यातला कोणता आकडा त्या दाव्याला धरून आहे ते स्वतः शोधावे लागते. याहून मोठी अडचण अशी की दिलेली प्रत्येक गोष्ट तपासणे हे त्याचे काम होऊन बसते, आणि त्यांतली सर्वांत कच्ची गोष्ट कोणती हे तो बरोबर हुडकतो. केंद्रातून बाहेर पडताना भरून घेतलेल्या अभिप्रायांत जवळजवळ सर्वांनी समाधान व्यक्त केले, अशी ओळ मी कित्येक मेलमध्ये पाहिली आहे. विनामूल्य काम करून घेतलेला माणूस, काम करणाऱ्याच्या समोर, दुसरे काय लिहिणार? अशी एक ओळ शेजारी बसली की चांगला आकडाही संशयास्पद वाटू लागतो.

तुमच्यासाठी ते तथ्य असे : ‘नोंदवहीनुसार वर्षभरात आलेल्या ७४० उपकरणांपैकी ४१८ उपकरणे, म्हणजे सुमारे ५६ टक्के, वायर घट्ट करणे, संपर्क साफ करणे किंवा साचलेली घाण काढणे अशा कामांनंतर सुरू झाली.’ यात एकूण संख्या, त्यातला भाग, मोजण्याचे साधन आणि कामाचे स्वरूप या चारही गोष्टी आल्या, तरी तथ्य एकच आहे. कामांची नावे मी नमुन्यादाखल घातली आहेत. तुमच्या नोंदींत ज्या कामांची वारंवारता सर्वांत जास्त असेल तीच तिथे घाला.

टक्केवारीपाशी थोडे थांबायला हवे, कारण इथे मोह होतो. दुरुस्त झालेली उपकरणे एकूण ५८९ आहेत; ४१८ला ५८९ने भागले तर ७१ टक्के येतात, आणि ७१ हा आकडा ५६पेक्षा मथळ्यात अधिक भरतो. तो चुकीचाही नाही. पण त्यासाठी दुरुस्त न झालेली १५१ उपकरणे टक्केवारीच्या पायातून, म्हणजे ज्या संख्येने भागतो तिच्यातून, वगळावी लागतात, आणि बातमीदाराने ‘एकूण किती आली होती?’ असे विचारताच तुम्ही अपयश लपवले असे दिसते. ७४०चा पाया घेतला की सगळी उपकरणे हिशेबात येतात आणि विचारण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. जो आकडा थोडा लहान आहे पण उलटतपासणीत टिकतो, तोच मी नेहमी पुढे करतो. मोठा आकडा सांगायचाच असेल, तर बातमीदाराने स्वतः विचारल्यावर, दोन्ही पाये समोर ठेवून सांगावा.

मेल पाठवण्यापूर्वी नोंदवही एकदा शत्रूच्या नजरेने तपासून घ्या. तुमची नोंद भेटीची आहे की उपकरणाची, हा पहिला प्रश्न. तेच उपकरण दुरुस्त होऊन गेले आणि महिन्याभराने पुन्हा बंद पडून आले, तर ७४०मध्ये ते दोनदा मोजले गेले असेल, आणि पहिल्या भेटीची नोंद ‘सुरू झाले’ या रकान्यातही असेल. समजा, तपासल्यावर अशा २८ पुनर्भेटी सापडल्या. सर्वांत वाईट शक्यता धरू : त्या सगळ्यांची पहिली नोंद ४१८मध्ये होती. त्या २८ पहिल्या नोंदी दोन्हीकडून काढल्या, तर ७१२ उपकरणांपैकी ३९० उरतात, म्हणजे सुमारे ५५ टक्के. तुमची पहिली ओळ ‘निम्म्याहून अधिक’ असे म्हणते, म्हणून ती या तपासणीनंतरही जशीच्या तशी उभी राहते. फक्त आधाराच्या तथ्यातले आकडे दुरुस्त करावे लागतात. पहिल्या ओळीत नेमकी टक्केवारी न घालता ‘निम्म्याहून अधिक’ लिहिण्यामागे माझे हेही एक कारण असते. उलट, हिशेब करता करता आकडा निम्म्याच्या काठावर आला, तर ती ओळ सोडून द्या आणि दुसरी शोधा.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. ‘नवा सुटा भाग’ म्हणजे काय, हे तुमच्या सर्व स्वयंसेवकांनी सारखेच धरले आहे का? एकाने बदललेला फ्यूज भाग म्हणून नोंदवला आणि दुसऱ्याने तो किरकोळ समजून सोडून दिला, तर ४१८ हा आकडाच डळमळीत होतो. जुन्या उपकरणातून काढलेला भाग दुसऱ्यात बसवला, तर तो नवा की जुना? डाग देण्याचे शिसे भागात धरायचे का? माझे मत विचाराल तर बदललेला फ्यूज हा भाग आहे, दुसऱ्या उपकरणातून काढून बसवलेलाही भाग आहे, आणि डाग हा भाग नाही. तुम्ही वेगळे ठरवू शकता, पण जे ठरवाल ते एका वाक्यात लिहून ठेवा आणि नोंदी त्याप्रमाणे पुन्हा मोजा. ‘सुटा भाग न घालता’ असे मी ज्या ओळीत लिहिले आहे, तिथे ‘बाहेरून आणलेला कोणताही भाग न घालता’ असा अर्थ निघतो, हे ध्यानात ठेवून मोजा.

ही तपासणी कशासाठी, ते बातमीदाराचा फोन आल्यावर कळते. ते संभाषण साधारण असे चालते. ‘तुम्ही ५६ टक्के म्हणता, ते कोणी मोजले?’ आमच्याच स्वयंसेवकांनी, प्रत्येक दुरुस्तीनंतर लगेच नोंद करून. ‘बाहेरच्या कोणी तपासले आहे का?’ नाही. इथे ‘नाही’ एवढेच म्हणायचे. तुमची बाजू सावरण्यासाठी एखाद्या जाणकाराचे नाव पुढे करायचे नाही. ‘नोंदवही पाहता येईल?’ हो, लोकांची नावे आणि पत्ते झाकून. ‘सुरू झाल्यानंतर किती दिवस चालली, हे माहीत आहे?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा त्याचे उत्तर तुमच्याकडे नसेल. मग स्पष्ट सांगा की पुन्हा घेऊन आलेल्यांचीच माहिती आमच्याकडे आहे, बाकीच्यांचा पाठपुरावा आम्ही केलेला नाही. अशा उत्तराने बातमी मरत नाही. बातमीदार त्याचे एक वाक्य करून बातमीत घालतो आणि त्याच्या वाचकाला तुमच्यावर विश्वास ठेवायला एक कारण मिळते. त्याला हवा असतो तो दाव्याचा नेमका आकार, म्हणजे हा दावा कुठपर्यंत खरा आहे आणि कुठून पुढे खरा नाही, याची रेघ.

सगळे जोडून मेल असा दिसेल :

> विषय : बंद म्हणून आलेल्या निम्म्याहून अधिक उपकरणांना नवा भाग लागलाच नाही, दुरुस्ती केंद्राची वर्षभराची नोंद
>
> बंद पडली म्हणून आमच्या दुरुस्ती केंद्रात गेल्या वर्षी आलेल्या घरगुती विजेच्या उपकरणांपैकी निम्म्याहून अधिक उपकरणे एकही नवा सुटा भाग न घालता पुन्हा सुरू झाली.
>
> नोंदवहीनुसार ७४० पैकी ४१८ उपकरणे, म्हणजे सुमारे ५६ टक्के, वायर घट्ट करणे, संपर्क साफ करणे किंवा साचलेली घाण काढणे अशा कामांनंतर सुरू झाली.
>
> आपण ग्राहकांच्या प्रश्नांवर लिहिता, म्हणून आपल्याला कळवत आहे. नावे झाकलेली नोंदवही पाहता येईल, दुरुस्ती करणाऱ्या स्वयंसेवकाशी बोलता येईल आणि पुढच्या दुरुस्तीच्या दिवशी छायाचित्रे घेता येतील. ही माहिती अद्याप इतर कोणालाही दिलेली नाही.
>
> नाव, केंद्रातील जबाबदारी, थेट उचलला जाणारा फोन क्रमांक

यात अभिवादन नाही असे तुम्हाला वाटेल. ‘नमस्कार’ आणि नाव घालायला हरकत नाही; ते एका शब्दात आटोपून लगेच बातमीची ओळ यावी. संस्थेचा परिचय मी मुद्दाम घातलेला नाही. ‘दुरुस्ती केंद्र’ या दोन शब्दांत तुम्ही कोण ते कळते आणि बाकीचे तो विचारेल तेव्हा सांगता येते. पदाधिकाऱ्यांचे तयार उद्गारही घातलेले नाहीत. ‘या यशाने आम्हाला प्रेरणा मिळाली आहे’ असे वाक्य तो छापणार नाही, आणि छापले तर तुम्हीच नंतर ते वाचायला टाळाल. बातमीदाराला उद्गार हवा असतो तो त्याच्या प्रश्नाला माणसाने दिलेल्या उत्तरातून.

तिसऱ्या परिच्छेदातले पहिले वाक्य प्रत्येक मेलमध्ये बदलावे लागते. त्या बातमीदाराने अलीकडे काय लिहिले ते वाचल्याशिवाय ते खरेपणाने लिहिता येत नाही. म्हणून एकच मेल अनेकांना एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते दिसतील असा पाठवू नका. ‘अद्याप इतर कोणालाही दिलेली नाही’ हे वाक्य खरे असेल तरच लिहा, आणि लिहिले तर त्याला ठरावीक मुदत देऊन तोपर्यंत दुसऱ्याकडे जाऊ नका. दोघांना एकाच वेळी एक्स्क्लुझिव्ह म्हणून पाठवले आणि दोघांनीही छापले, तर पुढच्या वेळी दोघेही तुमचा मेल उघडणार नाहीत. एम्बार्गोची, म्हणजे अमुक वेळेपर्यंत छापू नये या अटीची, तुम्हाला इथे गरज नाही. तशी अट समोरच्याने आधी मान्य केल्यावरच तिला अर्थ असतो. मेलच्या माथ्यावर परस्पर लिहून पाठवल्याने तो बांधला जात नाही.

छायाचित्रे जोडू नका, ती आहेत एवढेच सांगा. जड मेल काही ठिकाणी अडतो, आणि अनोळखी माणसाची जोडलेली फाइल बातमीदार सहसा उघडत नाही. छायाचित्र मागितले तर मात्र ओळीत उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांचे देऊ नका. उघडलेले उपकरण, त्यातले सुटलेले वायरचे टोक आणि त्याच्यावर काम करणारे हात एका चौकटीत येतील असे द्या. बातमी जे सांगते तेच त्यात दिसते.

पाठवल्यानंतर दोन-तीन दिवस थांबून त्याच मेलच्या उत्तरातून एकदाच आठवण करा, आणि तीही रिकामी नको. ‘माझा मेल पाहिलात का?’ यापेक्षा ‘नोंदवहीतल्या दुरुस्त न झालेल्या १५१ उपकरणांची कारणेही आता वेगळी काढली आहेत, हवी असल्यास देतो’ असे लिहिलेले बरे. पहिल्या मेलमधून बाजूला ठेवलेली तथ्ये इथे कामी येतात. त्यानंतरही शांतता राहिली तर तो विषय त्याला नको आहे असे समजून दुसऱ्याकडे वळावे.

उत्तर आले पण बातमी झाली नाही, तर त्या उत्तरातल्या प्रश्नावरून दोष कुठे होता ते बऱ्यापैकी कळते. ‘म्हणजे किती?’ असे विचारले असेल, तर आधाराचे तथ्य अस्पष्ट होते. ‘यात नवीन काय?’ असे विचारले असेल, तर पहिल्या ओळीत काळ नव्हता किंवा ती सर्वांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगत होती. नोंदवहीचे वर्ष संपून बरेच महिने झाले असतील, तर हाच प्रश्न येतो. अशा वेळी या वर्षाची नोंद पूर्ण होताच नव्या आकड्यांनिशी लिहावे. आणि बातमी छापून आली, पण ती भलत्याच गोष्टीवर आली, समजा तुमच्या एखाद्या वयस्कर स्वयंसेवकावर, तर मेलमध्ये तुम्ही दोन गोष्टी ठेवल्या होत्या आणि बातमीदाराने त्याला आवडली ती उचलली, असे समजा. यात त्याची चूक नाही.

मेल गेल्यावर तुम्हालाच मोजणीत गफलत सापडली, पुनर्भेटी निसटल्या होत्या असे दिसले, तर बातमीदाराने विचारण्याची वाट पाहू नका. सुधारलेले दोन आकडे आणि बदलाचे कारण असे एका ओळीत त्याच दिवशी कळवा, आणि पहिली ओळ टिकते की नाही तेही त्यातच सांगा. बातमी छापून गेली असेल तरीही कळवा. दुरुस्ती छापायची की नाही हे त्याचे डेस्क ठरवेल.